एकाच रिलीजचा एस्केप रेट दर महिन्याला वेगळा का येतो आणि रिपोर्टमध्ये तो कसा दाखवायचा

प्रश्न: मी सोलापुरात एका छोट्या कंपनीत टेस्टिंग बघते. टॉवेल कारखान्यांसाठी ऑर्डर, मजुरी, बिल असं सॉफ्टवेअर आहे. मॅनेजर दर महिन्याला डिफेक्ट एस्केप रेट मागतात. जुलैच्या रिलीजचा आधी ३% दिला होता, आता त्याच रिलीजचा ११% येतोय. ते विचारतात, आधीचा आकडा चुकीचा होता का? फॉर्म्युला तर तोच आहे. नक्की मोजायचं कसं आणि दाखवायचं कसं?

उत्तर:

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, आधी हे मॅनेजरना सांगा. एस्केप रेट म्हणजे एकूण सापडलेल्या बगांपैकी टेस्टिंगमधून सुटून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकाकडं, सापडलेल्या बगांचा टक्का. टेस्टिंगमध्ये सापडलेले बग रिलीजच्या दिवशी मोजून संपतात, तो आकडा पुढं हलत नाही. प्रॉडक्शनमधले बग मात्र लोक सॉफ्टवेअर वापरतील तसे वर येत राहतात. म्हणजे भागाकारातली एक बाजू थांबलेली आणि दुसरी वाढतच जाणारी, मग टक्केवारी वर सरकणारच, खाली यायचा प्रश्नच नाही. माझ्या मते तुमची अडचण फॉर्म्युल्यात नाहीच. रिपोर्टात दोन गोष्टी लिहिलेल्या नसतात, एक म्हणजे हा आकडा कुठल्या तारखेपर्यंतचा आहे, आणि दुसरी म्हणजे त्या तारखेपर्यंत ते मॉड्यूल कुणी खरंच चालवलं होतं का. दुसरी जास्त महत्त्वाची आणि तीच सगळे विसरतात.

मी बरीच वर्षं साखर कारखान्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतोय, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. आपल्या जिल्ह्यात कारखाने भरपूर, त्यामुळं तुम्हाला कामाचा अंदाज असेलच. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत, पण जे घडतं ते असंच घडतं.

ऑगस्टमध्ये ४.२ नावाचं रिलीज गेलं. त्यात तीन भाग, ऊस नोंद आणि तोडणी-वाहतुकीचे करार हा एक, वजनकाटा हा दुसरा, आणि पंधरवड्याचं ऊस बिल हा तिसरा. टेस्टिंगमध्ये खरे बग सापडले ८०. तीस दिवसांनी प्रॉडक्शनमध्ये २ बग, म्हणजे ८२ पैकी २, एस्केप रेट २.४%. नव्वद दिवसांनी ३ बग, ३.६%. बऱ्याच टीम इथं थांबतात, कारण नव्वद दिवस ही जुनी रूढ मुदत आहे. सॉफ्टवेअरच्या मोजमापावर लिहिणारे केपर्स जोन्स यांनी डिफेक्ट रिमूव्हल एफिशियन्सी, म्हणजे रिलीजच्या आधी किती टक्के बग पकडले ते, मोजताना रिलीजनंतरचे पहिले नव्वद दिवस धरले, तेव्हापासून ती सगळीकडं चालते. मुदत चांगली आहे, पण सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरात येतं हे त्यात धरलेलं आहे. आमच्याकडं ऑगस्ट ते ऑक्टोबर वजनकाट्यावर उसाची एक गाडी येत नाही, बिल तर लांबच राहिलं. त्या नव्वद दिवसांत फक्त नोंद आणि करार चालले, ते तीनही बग तिथलेच. बाकीच्या दोन मॉड्यूलचा एस्केप रेट शून्य दिसत होता कारण ती कुणी उघडलीच नव्हती.

मग नोव्हेंबरात गाळप सुरू झालं. काटा पहिल्या दिवसापासून रात्रंदिवस चालला, त्यातून १ बग आला. बिल मात्र पहिला पंधरवडा संपल्यावरच निघतं, आणि तिथून ४ बग आले. डिसेंबरअखेर एकूण ८ बग, ८८ पैकी ८, म्हणजे ९.१%. ऑगस्टपासून कोडची एक ओळ बदलली नव्हती, ते बग पहिल्या दिवसापासून आतच होते, फक्त त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

म्हणून मी मुदत रिलीजच्या तारखेपासून मोजत नाही, मॉड्यूल प्रत्यक्ष ग्राहकाकडं पहिल्यांदा चाललं त्या दिवसापासून मोजतो, आणि दिवसांपेक्षा कामाची फेरी धरतो. नोंदीला नव्वद दिवस चालतात. काट्याला हंगामाचे पहिले तीस दिवस पुरतात कारण तिथं रोज शेकड्यानं वजनं होतात. बिलाला दोन पंधरवडे पूर्ण व्हावे लागतात, एक नाही, कारण मागच्या बिलातली राहिलेली वसुली पुढच्या बिलात ओढून आणायची असते आणि ते गणित दुसऱ्याच बिलात पहिल्यांदा चालतं. हंगाम संपल्यावरचे रिपोर्ट तर वर्षातून एकदाच चालतात, त्यांचा आकडा एप्रिल-मेच्या आधी देण्यात अर्थच नाही. तुमच्याकडं हेच मजुरीला आणि बोनसला लागू होईल. मजुरीचं मॉड्यूल दर वाटपाला चालतं, तीन-चार वाटपं झाली की आकडा बऱ्यापैकी बसतो. बोनसचं गणित दिवाळीलाच चालतं. जुलैच्या रिलीजमध्ये बोनसचे बदल असतील तर ३% वरून ११% ला जायचं कारण कदाचित तिथंच सापडेल. बगच्या तारखा आणि मॉड्यूल शेजारी शेजारी ठेवून बघा.

मुदत पूर्ण व्हायच्या आधी आकडा द्यावाच लागतो, मॅनेजर थांबत नाहीत. तेव्हा मी त्याच्या पुढं 'कच्चा' लिहितो आणि तारीख टाकतो, मुदत संपली की 'पक्का' लिहून तो गोठवतो. उसाचा पहिला हप्ता म्हणजे शेवटचा भाव नाही हे इथं प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं, तसंच हे वाचायचं, एवढं एकदा मॅनेजरना समजावलं की आधीचा आकडा चुकीचा होता का हा प्रश्न परत येत नाही. पक्का झाल्यावर नवीन बग सापडला तर तो मी त्या टक्क्यात घुसवत नाही, 'मुदतीनंतर सापडलेले' म्हणून वेगळा लिहितो, नाहीतर दोन वर्षांपूर्वीचं रिलीजसुद्धा दर महिन्याला बदलत राहील.

आता ते ८ आणि ८० आले कुठून, कारण अर्धी गडबड तिथं होते. सपोर्टच्या यादीत ४.२ लाईव्ह झाल्यापासून डिसेंबरअखेर ३५ तिकिटं होती आणि टेस्टिंगच्या यादीत ९२ नोंदी. तसंच्या तसं भागलं तर १२७ पैकी ३५, म्हणजे २७.६%. तोच डेटा, तेच रिलीज, आणि ९.१ च्या जागी २७.६. ३५ तिकिटं एकेक उघडून बघितली तर ९ वापराच्या शंका निघाल्या, ६ प्रिंटर, पोर्ट, काट्याची केबल असल्या सेटिंगच्या, ४ नवीन मागण्या, आणि ४ दुसऱ्या कारखान्याकडून आलेला तोच बग. उरले १२. त्यातले ४ जुन्या व्हर्जनपासून आत बसलेले, ४.२ मध्ये त्या कोडला हातच लागला नव्हता. ते मी ४.२ च्या खात्यात धरत नाही, ज्या व्हर्जनमध्ये ते शिरले त्याच्या 'मुदतीनंतर सापडलेले' मध्ये टाकतो. उरले ८. टेस्टिंगच्या ९२ मधूनही दुहेरी नोंदी आणि 'हे असंच हवं होतं' निघालेल्या १२ काढल्या, म्हणून ८०. चाळणी दोन्ही बाजूंना सारखीच लावायची. खूप ठिकाणी प्रॉडक्शनची यादी कसून गाळतात आणि टेस्टिंगची तशीच ठेवतात, मग आकडा छान दिसतो पण तो खरा नसतो.

इथं काही गोष्टी तुमच्या टीमवर अवलंबून आहेत, त्यात एकच बरोबर उत्तर नाही. ग्राहकानं लाईव्हच्या आधी स्वतः केलेल्या चाचणीत सापडलेले बग कुठं धरायचे? मी ते सुटलेले धरत नाही, कारण खऱ्या कामाला धक्का लागलेला नसतो, पण टेबलात त्यांचा वेगळा कॉलम ठेवतो. तुमचा ग्राहक ती चाचणी नावापुरती करत असेल तर फरक पडणार नाही, कसून करत असेल तर तुमच्या टेस्टिंगचं श्रेय-अपश्रेय त्यात मिसळतं, मग कॉलम वेगळा हवाच. काही लोक प्रॉडक्शनचे बग फक्त टेस्टिंगच्या बगनं भागतात, म्हणजे ८ भागिले ८०, १०%. मी एकूणनं भागतो:

```
escape_rate = prod / (test + prod) * 100
```

कुठलंही घ्या, पण रिपोर्टच्या खाली एका ओळीत लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका.

बग नोंदवायला जिरा वापरत असाल तर दोन गोष्टी आजच करा. बगच्या फॉर्मवर `Found In` नावाचं एक सक्तीचं ड्रॉपडाउन घ्या, त्यात Testing, UAT, Production एवढंच, UAT म्हणजे ग्राहकाची लाईव्हच्या आधीची चाचणी. आणि `Affects Version` मध्ये बग ज्या व्हर्जनमध्ये शिरला ते भरायचं, ज्या व्हर्जनवर ग्राहक बसलाय ते नाही. हे टेस्टरला नेहमी कळत नाही, फिक्स करणाऱ्या डेव्हलपरनं बग बंद करताना ते तपासून दुरुस्त करायचं, त्याला कोडचा इतिहास बघून दोन मिनिटांत कळतं. मग क्वेरी अशी:

```
project = CANE AND issuetype = Bug
AND "Found In" = Production
AND affectedVersion = "4.2"
AND created <= "2024-12-31 23:59"
AND (resolution is EMPTY OR
     resolution not in (Duplicate, "Cannot Reproduce"))
```

CANE च्या जागी तुमचा प्रोजेक्ट, आणि तारीख तुमची. तारखेपुढचं 23:59 ठेवा, नुसती तारीख लिहिली तर जिरा त्या दिवसाची सुरुवात धरतो आणि शेवटच्या दिवसाचे बग सुटतात. `resolution is EMPTY` हा तुकडा गाळू नका. नुसतं `not in` लिहिलं तर जिरा ज्यांचं रिझोल्यूशन रिकामं आहे ते बग देतच नाही, म्हणजे अजून उघडे असलेले सगळे बग गुपचूप गायब होतात. असं झालंय हे ओळखायची खूण म्हणजे महिन्याच्या शेवटी बंद न झालेले बग जास्त असले की एस्केप रेट कमी दिसतो आणि पुढच्या महिन्यात एकदम उडी मारतो. तुमच्या ३% मागं हेही असू शकतं, तपासा. आणि 'दुरुस्त करणार नाही' म्हणून बंद केलेला बग मोजणीतून काढू नका, दुरुस्त न करायचं ठरवलं तरी तो सुटलेला होताच.

आता एकच टक्का दाखवण्यातला धोका. ४.२ चे ८ बग मॉड्यूलवार मांडले तर असं दिसतं: नोंद-करार, टेस्टिंग २६, प्रॉडक्शन ३, म्हणजे १०.३%. वजनकाटा ३६ आणि १, म्हणजे २.७%. बिल १८ आणि ४, म्हणजे १८.२%. एकूण ९.१% बघून कुणालाच कळलं नसतं की त्रास बिलात आहे, आणि बिलातला बग म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात चुकीची रक्कम. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणं गाळपाला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळं बिल दोन दिवस अडकलं तरी कारखान्याला घाम फुटतो. काट्याच्या स्क्रीनवरची चुकलेली अक्षरं आणि हे एकाच पारड्यात घालून टक्का काढला तर तो काहीच सांगत नाही. म्हणून गंभीर बगांचा आकडा मी वेगळा देतो, तोही नुसता आकडा, टक्का नाही.

टक्का नाही कारण आकडे लहान आहेत. काट्यात एक बग आणखी सापडला असता तर २.७ चे ५.३ झाले असते, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि त्याचा अर्थ एवढाच की एक बग जास्त. बिलात पाचवा सापडला असता तर १८.२ चे २१.७. त्यामुळं टक्क्याशेजारी मूळ आकडे नेहमी लिहायचे, '२२ पैकी ४' असं, आणि प्रॉडक्शनमध्ये पाच-दहा बग असतील तेव्हा दोन-तीन टक्क्यांच्या चढ-उतारावरून मीटिंगमध्ये कुणाला बोल लावू द्यायचा नाही.

अजून एक प्रकार आहे, तो मॅनेजरना पटायला सगळ्यात अवघड जातो. समजा पुढच्या रिलीजमध्ये डेव्हलपरांनी युनिट टेस्ट नीट लिहिल्या, त्यामुळं टेस्टिंगला ८० ऐवजी ४० च बग सापडले, आणि प्रॉडक्शनमध्ये ८ ऐवजी ६. ग्राहकाला कमी त्रास, सगळ्यांचंच काम सुधारलं. एस्केप रेट मात्र ४६ पैकी ६, १३%, म्हणजे ९.१ वरून बिघडला. उलट बाजूनं, टेस्टरनं बटणाचा रंग, स्पेलिंग, अर्धा मिलिमीटर सरकलेली चौकट असे ४० बग जास्त नोंदवले तर १२८ पैकी ८ म्हणजे ६.३%, एकही जास्तीचा बग थांबवलेला नसताना. हा आकडा पगारवाढीला जोडला की हे होतंच, लोक वाईट असतात म्हणून नव्हे, समोर जे मोजलं जातं ते वाढतं म्हणून. तुमच्याकडं तसं ठरायची चाहूल लागली तर आधीच स्पष्ट बोला. मी रिपोर्टमध्ये पहिली ओळ प्रॉडक्शनमधल्या बगांच्या संख्येची ठेवतो, टक्का तिच्या खाली.

आणि खरा उपयोग टक्क्याच्याही खाली आहे. सुटलेल्या प्रत्येक बगपुढं मी एक रकाना ठेवतो, हा टेस्टिंगमध्ये का सापडला नाही. उत्तरं चारच घेतो: टेस्ट केसच नव्हती, केस होती पण चालवली नाही, चालवली पण डेटा खऱ्यासारखा नव्हता, किंवा नियमच आपल्याला नीट माहीत नव्हता. बिलातला एक बग सांगतो. भरलेली गाडी काट्यावर येते तेव्हा भरलेलं वजन होतं, मग ती उतरवायला रांगेत जाते आणि रिकामी होऊन परत आल्यावर रिकामं वजन, त्यानंतर पावती. मधे काही तास जातात. बऱ्याच कारखान्यांचा दिवस शिफ्टवर चालतो, रात्री बाराला संपत नाही. पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री भरलेलं वजन एका पंधरवड्यात आणि रिकामं दुसऱ्या पंधरवड्यात अशा काही गाड्या झाल्या. काट्याचं रजिस्टर रिकाम्या वजनाची वेळ धरत होतं, बिल भरलेल्या वजनाची. दोन्हींच्या टनांची बेरीज जुळेना आणि हिशोबनीसानं बिल अडवून धरलं.

टेस्ट केस होती, चालवलीही होती आणि पासही झाली होती. पण टेस्टिंगच्या डेटात प्रत्येक गाडीची दोन्ही वजनं पाच मिनिटांच्या अंतरानं होती, भर दुपारची, कारण टेस्टर हातानं भरतो तेव्हा तसंच भरतो. म्हणजे कारण तिसरं, डेटा. त्या चारपैकी तीन बग डेटाचेच निघाले. मग टेस्टर वाढवून किंवा केसेस वाढवून काही मिळालं नसतं. आम्ही मागच्या हंगामातल्या एका पंधरवड्याच्या खऱ्या गाड्या घेतल्या, नावं आणि खाते नंबर बदलले, आणि बिलाच्या प्रत्येक रिलीजला तो पूर्ण पंधरवडा चालवून जुन्या बिलाशी रुपयापर्यंत जुळवायला सुरुवात केली. मॅनेजरना १८.२% सांगितलं असतं तर ते 'टेस्टिंग सुधारा' म्हणाले असते. '४ पैकी ३ बग डेटामुळं, खरा पंधरवडा मिळवून द्या' म्हटल्यावर त्यांनी कारखान्याला फोन करून डेटा आणून दिला.

थोडक्यात, माझ्या रिपोर्टात प्रत्येक रिलीजची एक ओळ अशी असते: व्हर्जन, मॉड्यूल, प्रत्यक्ष वापर कधी सुरू झाला, आकडा कुठल्या तारखेपर्यंतचा, टेस्टिंगचे बग, ग्राहकाच्या चाचणीतले, प्रॉडक्शनचे, त्यातले गंभीर, टक्का, कच्चा की पक्का, आणि शेवटी का सुटले. दोन रिलीजची तुलना करायची तर दोन्ही पक्के असतील तेव्हाच, किंवा दोन्हींचा वापराच्या तिसाव्या दिवसाचा आकडा काढून. एकाचा सहा महिन्यांचा आणि दुसऱ्याचा तीन आठवड्यांचा शेजारी ठेवला की नवीन रिलीज नेहमीच चांगलं दिसतं.

तुमच्या जुलैच्या रिलीजपुरतं बोलायचं तर सगळी प्रॉडक्शन तिकिटं उघडून वर सांगितली तशी गाळा, किती खरे बग उरतात ते बघा, मग ३% ज्या तारखेला दिला होता तीच तारीख `created` मध्ये टाकून क्वेरी परत चालवा. ३% च्या आसपास आला तर आधीचा रिपोर्ट त्या दिवसापुरता बरोबर होता, हे मॅनेजरना क्वेरीसकट दाखवा. आला नाही, तर तेव्हा उघडे असलेले बग मोजणीतून गळले होते का ते आधी बघा. दोन्हींतलं काय निघालं ते इथं कळवा. आणि बोनसच्या मॉड्यूलची ओळ दिवाळीनंतरचं वाटप होईपर्यंत कच्चीच राहू द्या.